पैठणीच्या ब्लाउजची तीन स्केचेस, पीस मात्र ८० सेंमीचाच: गळा, पाठ आणि काठाचं गणित

निळीजांभळी

मंडळी, टेलरकडे द्यायला तीन स्केचेस काढली आहेत. त्यातलं एक नक्की करायचं आहे किंवा दोघांचं मिळून एक करायचं आहे. मत हवंय ते तीन गोष्टींवर: पुढचा गळा, पाठ आणि साडीच्या काठाशी मेळ.

साडी मोरपंखी पैठणी, हिरवा-निळा धूपछाव. काठ राणी रंगाचा, जरीचा, ४ इंची. त्यात वर नारळी आणि खाली मुनियांची रांग, सगळ्या मुनिया एकाच दिशेला तोंड करून. ब्लाउज पीस साडीलाच जोडून आलाय, अंगाच्याच रंगाचा, दोन्ही बाजूंना तोच ४ इंची काठ. लांबी ८० सेंमी, पन्हा ४६ इंच.

मापं: छाती ३६, शोल्डर साडेचौदा, उंची १४, बाही १० इंच, दंडाचा घेर साडेबारा.

स्केच अ: पुढे बोट नेक, मागे खोल मटका गळा, वर नाडी-लटकन. काठ फक्त बाह्यांना.

स्केच ब: पुढे पानगळा, मागे चौकोनी गळा आणि त्या चौकोनाला तिन्ही बाजूंनी काठाची चौकट. बाह्यांनाही काठ.

स्केच क: पुढे स्वीटहार्ट, प्रिन्सेस कट. मागे बंद पाठ, मधोमध थेंबाच्या आकाराची खिडकी आणि पाठीच्या मधून वरपासून खालपर्यंत काठाचा उभा पट्टा. बाह्यांना काठ.

कपडा नवा आणायचा नाही, आहे त्या पिसातच बसवायचं आहे. अस्तर वेगळं घेतलं आहे.

चटपटीत_चिंगी

क! डोळे झाकून क. थेंबवाली पाठ फार सुरेख दिसते. आणि मागे पोटली बटणं लावून घे.

उरेबपट्टी

गळा कोणता हे नंतर. आधी काठ किती आहे ते मोजा, कारण अशा पिसात कापड पुरतं आणि काठ संपतो.

पिसाला दोन काठ, प्रत्येकी ८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच. टोकं तिरकी कापलेली असतात, ती सरळ केली की ३१ धरा. दंड साडेबारा, त्यात एक इंच सैल आणि दोन इंच दाब, म्हणजे एका बाहीला काठावर साडेपंधरा इंच लागणार. दोन बाह्यांना ३१. थोडक्यात दोन्ही बाह्या एकाच काठावर घेतल्या तर तो अख्खा काठ खलास, अर्धा इंचही इकडेतिकडे करायला जागा नाही. दुसरा काठ मात्र पूर्ण मोकळा राहतो. त्याऐवजी एका काठावर एक बाही आणि दुसऱ्यावर दुसरी घेतली, तर दोन्ही काठांचे साडेपंधरा-साडेपंधरा इंचाचे दोन तुकडे उरतात.

म्हणजे तुमच्यापुढे स्केचेस तीन असली तरी पर्याय दोनच आहेत: ३१ इंचाचा एक सलग काठ, किंवा साडेपंधराचे दोन तुकडे. पाठीवर जे काढायचं ते यातून निघायला हवं. आता ब मधली चौकट आणि क मधला पट्टा यात बसतात का ते बघा.

काठपदर

उरेबपट्टी, हे वाचून पटकन पिसाचा आराखडा कागदावर काढला. एक बाही या काठावर, एक त्या काठावर अशी समोरासमोर ठेवली की त्यांच्या मधे २४ इंच रुंद कापड उरतं. त्यात पाठ बसते का?

उरेबपट्टी

बसते, काठोकाठ. बाहीची उंची १० आणि वर एक इंच दाब, म्हणजे ११. दोन्हीकडून ११ गेले की ४६ मधले २४ उरतात. पाठीला छातीचा चौथा भाग ९, अर्धा इंच सैल, दीड इंच दाब, म्हणजे ११. दुप्पट २२. उंची १४ आणि दाबाचा एक, १५. तर बाह्यांच्या मधल्या जागेत पाठ गेली. पिसाच्या उरलेल्या अर्ध्या लांबीत मधोमध पुढचे दोन भाग, प्रत्येकी १२ इंच. त्यांच्या दोन्ही कडांना काठाचे ते दोन तुकडे आणि काठालगत सात-सात इंच साधं कापड. त्यातून हूकपट्टी आणि गळ्याची पट्टी निघते.

एवढं सगळं बसतं ते ३६ छातीला. ४० च्या वर छाती असेल तर हीच मांडणी जमणार नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

सासुरवाडी_सोलापूर

माझ्याकडे इरकल आहे आणि तिच्यावर खणाचा ब्लाउज शिवायचाय. खणाला पण दोन्हीकडे काठ असतो ना, मग हेच गणित का? आणि शिलाई किती पडते हल्ली अशा काठाच्या ब्लाउजची?

काठपदर

@सासुरवाडी, खणाचा पन्हा पैठणीच्या पिसापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे बाह्या समोरासमोर ठेवून मधे पाठ ही मांडणी तिथे बसत नाही. पण खण वेगळा विकत घेता येतो, जास्त लांबीचा घ्यायचा की झालं. इथे पीस साडीबरोबरचा एकच आहे, म्हणून ही मारामारी. शिलाईचं गावागणिक वेगळं, वेगळा धागा काढ बाई.

सुईत_ओवलेला

(पुरुष आहे, घरचाच शिवणाचा व्यवसाय आहे, म्हणून चार शब्द.)

ब मधली चौकट होणार नाही. कारण काठाची लांबी नव्हे, रुंदी. शोल्डर साडेचौदा म्हणजे अर्धं सव्वासात. चौकोनी गळा मध्यापासून पावणेपाच इंच रुंद धरला तर खांद्याची पट्टी उरते अडीच इंच. तिथे ४ इंचाचा काठ लावायचा कसा? तो मुंढ्याच्या बाहेर जाईल. मग टेलर काय करतो, काठ दुमडून दोन इंचाचा करतो. दुमडला की एकतर मुनियांची डोकी जातात नाहीतर नारळी अर्धी दिसते. स्केचमध्ये चौकट बारीक काढलेली असते म्हणून लक्षात येत नाही. स्केचवर काठ काढताना मापात काढा: पाठ १४ इंच उंच, तर त्यात काठ पाव भागापेक्षा जास्त जागा खातो. तेवढा जाड काढा, मग बघा चित्र कसं दिसतं.

चौकटच हवी असेल तर काठातली फक्त जरीची बारीक पट्टी कापून गोट किंवा पाऊण इंची पट्टी लावता येते. पण त्यासाठी मुनियांचा काठ चिरायचा, ते मला तरी जिवावर येईल.

निळीजांभळी

बापरे. काठ मापात काढून पाहिला, चौकट खरंच विचित्र दिसते. ब ची पाठ बाद. पण पानगळा आवडला होता.

क च्या उभ्या पट्ट्याचं काय? लांबी तर फक्त १४ लागते, साडेपंधराच्या एका तुकड्यात होईल.

काठपदर

लांबीत होईल, दिसायला नाही होणार. दोन अडचणी आहेत. पहिली, मुनिया. काठ आडवा असतो तेव्हा त्या पायावर उभ्या असतात. तोच काठ उभा लावला की सगळ्या मुनिया आडव्या पडतात. नुसता नारळी काठ असता तर एवढं खटकलं नसतं, पक्षी असला की लगेच कळतं. दुसरी, तू त्याच पट्ट्यात मधोमध थेंब कापणार आहेस. साधारण अडीच इंच रुंद थेंब चार इंची काठातून कापला की उरलं काय? दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच. म्हणजे काठ आणला आणि खिडकीतून टाकून दिला.

चिंगी, बटणं कुठे लावायची तेही सांग आता :)

चटपटीत_चिंगी

मी प्लेन पाठ डोळ्यासमोर आणली होती ग. काठ वाचलाच नव्हता.

निळीजांभळी

म्हणजे काठाचा मेळ बघितला तर अ सगळ्यात सोपं? बाह्यांना काठ आणि पाठ साधी?

सुंदर_सखी

अ च घ्या. पुढे बोट नेक असला की मागे गळा कितीही खोल घेतला तरी खांदा घसरत नाही, कारण पुढून धरून ठेवतो.

उरेबपट्टी

@सुंदर_सखी, अर्धं बरोबर आहे. पुढचा गळा वर असला की ब्लाउज मागे ओढला जात नाही, हे खरं. पण खांदा बाजूला घसरतो तो खोलीमुळे नव्हे, गळ्याच्या रुंदीमुळे. पुढचा आणि मागचा गळा खांद्यावर एकाच बिंदूला मिळतात. बोट नेक म्हटलं की तो बिंदू मध्यापासून पाच इंचावर जातो, म्हणजे खांद्याची पट्टी सव्वादोन इंच आणि तीसुद्धा पार खांद्याच्या टोकाकडे. तिथूनच मागे नऊ इंच खोल मटका सुरू केला तर पाठीकडून त्या पट्टीला धरणारं काहीच नाही. वर डाव्या खांद्यावर पैठणीचा जरीचा पदर, त्याचं वजन वेगळंच. डावीकडची पट्टी उतरत राहते आणि बाई दिवसभर ती वर करत राहते.

उपाय दोन. बोट नेकची रुंदी मध्यापासून चार इंचावर आणा. दिसायला बोटच दिसतो, फक्त इतका पसरट नाही. पट्टी सव्वातीन इंच मिळते. आणि मागची नाडी खांद्यापासून अडीच-तीन इंच खाली बांधा. बऱ्याच स्केचेसमध्ये नाडी गळ्याच्या मध्यावर काढतात, पाच-सहा इंच खाली. ती दिसायला ठीक, पण तिथून खांदे आत ओढले जात नाहीत. स्केचवर नाडीची जागा आकड्यात लिहा.

सुंदर_सखी

ओके, रुंदीचा मुद्दा लक्षात आला. पण नाडी असेल तर पाच इंच रुंदीलाही चालतं, असं मला अजूनही वाटतं.

उरेबपट्टी

साध्या साडीवर चालेल. जड पदराला मी नाही सांगणार.

ठुशीवाली

गळ्याचा विचार करताना दागिना धरा. पैठणीवर ठुशी घालणार असाल तर ती गळ्याच्या मुळाशी बसते, बोट नेकच्या थोडी वर, आणि छान दिसते. पण लांब मोहनमाळ, लक्ष्मीहार घालणार असाल तर बोट नेकवर तो कापडावर पडतो, आणि धूपछाव जरीकाठाच्या कापडावर सोनं हरवून जातं. पानगळ्यात साडेसहा-सात इंच खोली मिळाली की ठुशीही दिसते आणि खाली एक मधला हारही. म्हणून माझं मत पुढे पानगळा.

आणखी एक, सहावारी नेसल्यावर पदर उजव्या कमरेकडून छातीवरून डाव्या खांद्यावर जातो. पुढच्या गळ्याचा डावा भाग झाकला जातो. पानाचं टोक मधोमध असतं, ते पिना लावताना जरा उघडं ठेवलं तरच पानगळा पानगळा वाटतो, नाहीतर नुसता गोल दिसतो. पाठीवरही तेच, डावा भाग पदराखाली. पाच इंची निऱ्या घालून पदर पिन केला तर पाठीचा मध्य आणि उजवी बाजू दिसते. पदर मोकळा सोडला तर पाठ जवळजवळ झाकलीच. मग पाठीवर एवढा खटाटोप करायचा का हेही ठरवा.

निळीजांभळी

ठुशी आणि एक मधला हार. पदर निऱ्या घालूनच. म्हणजे पुढे पानगळा पक्का धरते, ब मधला.

पाठीला आता अ चा मटका घ्यावा म्हणते. पण उरलेले काठाचे दोन तुकडे आहेत ना, ते वाया घालवायचे का?

सुईत_ओवलेला

वाया का घालवता, पाठीच्या खालच्या कडेला लावा. काठ आडवाच राहतो, मुनिया उभ्या. पाठ २२ इंच, साडेपंधराचे दोन तुकडे आहेत. प्रत्येकातून ११ वापरा, मध्यावर जोडा. तिथे जोड येणार, तो लपवायला सर्वात सोपा मार्ग म्हणजे ब्लाउज मागे उघडा ठेवा, हूक पाठीला. मग मधे जोड नसतोच, उघडण्याची जागा असते. तसं केलं तर प्रत्येक अर्ध्याला मध्याकडे पाऊण-एक इंच जास्त ठेवा, हूकपट्टीवर एकमेकांवर चढायला. साडेपंधरात ते आरामात बसतं. आणि पुढे हूक नाहीत म्हटल्यावर पानगळ्याचं टोक अखंड, स्वच्छ बसतं.

उंची बघा: पाठ १४, त्यात काठ ४. गळा साडेआठ इंच खोल घेतला तर गळ्याच्या तळापासून काठापर्यंत दीड इंच मोरपंखी कापड राहतं. दीडपेक्षा कमी नको, नाहीतर मटक्याचा तळ काठाला टेकल्यासारखा दिसतो. गळ्याखाली एकूण साडेपाच इंच पट्टी, आतले पट्टेही झाकले जातात. साडेआठच्या पुढे गळा नेऊ नका.

काठपदर

त्यापेक्षा पाठच काठावर कापली तर? म्हणजे पाठीची खालची कड थेट काठ, जोडच नको. २२ इंच एका काठातून गेले, आणि दोन्ही बाह्या दुसऱ्या काठावर, ३१ मध्ये ३१.

सुईत_ओवलेला

ते होतं, पण तीन गोष्टी बिघडतात.

एक, बाह्यांना ३१ लागणार आणि ३१ च आहे. पीस सरळ करताना पाऊण इंच गेला तर बाहीचा दाब जातो, आणि पुढे कधी सैल करायची तर जागा नाही.

दोन, मुनियांची दिशा. दोन्ही बाह्या एकाच काठावर कापल्या तर अंगात घातल्यावर एका बाहीच्या मुनिया पुढे बघतात आणि दुसऱ्या बाहीच्या मागे. एकेक बाही वेगवेगळ्या काठावर घेतली तर दोन्हीकडच्या पुढे बघतात किंवा दोन्हीकडच्या मागे, म्हणजे जोडी जमते. का, ते पीस पसरून बघा: दोन्ही काठांवर मुनियांची तोंडं पिसाच्या एकाच टोकाकडे असतात. आता आधी एक काठ तुमच्याकडे करा, मग पीस फिरवून दुसरा करा. एकदा तोंडं डावीकडे दिसतील, एकदा उजवीकडे. पाठीच्या दोन तुकड्यांनाही हाच फायदा, मध्यावर दोन मुनिया समोरासमोर येतात. पाठीला पाठ लावून हव्या असतील तर तुकडे अदलाबदल करायचे.

तीन, तुमचं कापड धूपछाव आहे. पाठ काठावर कापली की तिचा ताणा आडवा होतो, पुढच्या भागाचा उभा राहतो. बगलेच्या शिवणीवर उजेडात एक बाजू हिरवी झाक मारते आणि दुसरी निळी.

उरेबपट्टी

तिसऱ्या मुद्द्यावर मी इतकी कडक नाही. बगलेची शिवण हाताखाली असते, कोण बघतंय. बाह्याही काठावर कापतो तेव्हा त्यांचा ताणा आडवाच असतो आणि मुंढ्याला ते कुणाला खटकत नाही.

सुईत_ओवलेला

मुंढ्याला चालतं, कारण बाही वळलेली असते, तिच्यावर उजेड तसाही वेगळाच पडतो. पाठ-पोट एका सपाटीत येतं, तिथे मला दिसतं. गडद एकरंगी कापडाला मीही सोडून देतो. तुमचं मत तुमच्यापाशी.

काठपदर

मुनियांच्या दिशेला एक पळवाट आहे. पैठणी हातमागाची असेल आणि काठ पारंपरिक पद्धतीने विणलेला असेल तर तो उलट बाजूनेही जवळजवळ सारखाच दिसतो, मागे लोंबते धागे नसतात. मग एक बाही उलटी बाजू वर घेऊन कापली की दिशा आपोआप पालटते, एकाच काठात जोडी जमते. @निळीजांभळी, काठ उलटून बघ.

निळीजांभळी

बघितला. मागे लांब लांब मोकळे धागे आहेत, मुनियांच्या मधून जाणारे. उलटी बाजू वापरण्यासारखी नाही.

उरेबपट्टी

मग पळवाट बंद. आणि अशा काठाला एक जास्तीची काळजी. कापल्यावर ते मोकळे धागे सुटायला लागतात आणि कडेची मुनिया उसवते. टेलरला सांगा, काठ कापण्याआधी रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक साधी टीप मारून मग मधून कापायचं. नुसतं कापून मग ओव्हरलॉक केलं तर तोवर पाव इंच गेलेलं असतं. काठाच्या मागे पातळ फ्यूजिंग चिकटवलं तरी चालेल, फक्त इस्त्री जरीवर थेट नको, वर सुती कापड ठेवून.

बाहीचा_काठ

उशिरा येतेय. बाही १० इंच आहे हे बरं आहे. कुणी हाच धागा वाचून चार-पाच इंची बाहीला ४ इंचाचा काठ लावायला जाईल म्हणून लिहिते. बाहीच्या वरच्या गोलव्याची उंची साडेतीन इंच असते. पाच इंची बाहीला बगलेत फक्त दीड इंच शिवण उरते. म्हणजे काठ पुढून पूर्ण दिसतो आणि बगलेकडे गोलवा त्याला चिरत जातो. ४ इंचाचा काठ सगळीकडून अखंड बसायचा तर साडेतीन आणि चार, साडेसात, वर थोडं, म्हणजे निदान आठ इंच बाही हवी. तुमच्या दहामध्ये काठाच्या वर बगलेत अडीच इंच साधं कापड दिसेल, तेवढं बरोबर आहे.

बाहीची खालची कड सरळ ठेवायला सांगा. काही जण बाहीची कड मधे किंचित गोलाकार कापतात, म्हणजे हात दुमडल्यावर चांगली बसते. काठाला ते चालत नाही, मुनियांची रांग वाकते.

सुंदर_सखी

पाठीला खाली काठ आला तर पाठीचे टक्स कुठे जाणार? ते तर कमरेपासून वर चार-पाच इंच असतात. अख्खा काठ टक्समध्ये चिमटला जाईल.

सुईत_ओवलेला

हा प्रश्न चांगला काढलात. हो, नेहमीसारखे दोन टक्स मारले तर प्रत्येकी अर्धा इंच काठ आत जातो आणि एखादी मुनिया चोचीपासून दुमडते. मी असं करतो: काठ वेगळा जोडायचा असल्याने आधी वरच्या मोरपंखी भागात टक्स मारून तो भाग कमरेच्या मापाला आणतो आणि मग काठ सपाट जोडतो. काठाला टक्स नाही. काठाच्या वरच्या कडेपासून खाली फारसा उतार राहत नाही, आणि जो लागतो तो बगलेच्या शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच घेतो. कमर आणि छातीत फार फरक असेल तर मात्र हे पुरत नाही. मागे उघडा ब्लाउज असेल तर थोडा उतार मधल्या हूकपट्टीतूनही घेता येतो, पण फार घेतला तर काठ मध्यावर टोकदार दिसतो.

पाठच काठावर कापायच्या कल्पनेत हीच चौथी अडचण. तिथे टक्स काठातूनच मारावे लागतात.

निळीजांभळी

आता हळूहळू चित्र स्पष्ट होतंय. टेलरकडे द्यायचं नवं स्केच असं काढते, कुणाला चूक दिसली तर सांगा.

पुढे: पानगळा, खांद्यापासून तयार खोली साडेसहा, खांद्यावर रुंदी मध्यापासून चार, म्हणजे पट्टी सव्वातीन. साधे चार टक्स, प्रिन्सेस कट नाही. पुढे हूक नाहीत.

मागे: मटका, तयार खोली साडेआठ. नाडी खांद्यापासून अडीच इंचावर. मागे उघडा, खालच्या साडेपाच इंचात हूक. खालच्या कडेला काठ, दोन तुकडे, मुनिया मध्यावर समोरासमोर.

बाह्या: एक-एक वेगळ्या काठावर, मुनिया पुढे बघणाऱ्या.

गळ्याला गोट राणी रंगाचा.

उरेबपट्टी

बरोबर आहे. तीन गोष्टी लिहा. पहिली, प्रत्येक मापापुढे "तयार" असा शब्द. नुसतं "खोली साडेआठ" लिहिलं तर कुणी कटिंगला साडेआठ घेतं आणि दाब गेल्यावर गळा नऊपर्यंत उतरतो. तुमच्या काठाच्या वर दीड इंच आहे, त्याचा इंचच राहील.

दुसरी, पानाच्या टोकाला आतून कॅनव्हासचा छोटा तुकडा आणि टोकाच्या अगदी जवळपर्यंत चीर. रेशमी कापडात चीर कमी दिली तर टोकाला सुरकुती येते आणि जास्त दिली तर धागे सुटतात. फ्यूजिंगचा तुकडा असला की धीर करून पूर्ण चीर देता येते.

तिसरी, अस्तर सुती असेल तर ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. नाहीतर पहिल्याच वाफेच्या इस्त्रीत अस्तर आखडतं आणि वरचं रेशीम पाठीवर फुगतं.

ठुशीवाली

गोट राणीच का? काठाचा राणी वेगळ्या दुकानातल्या साटिनच्या राणीशी जुळणं कठीण. जरा गुलाबीकडे गेला तरी बाहीच्या काठाशेजारी लगेच कळतो. त्यापेक्षा त्याच मोरपंखी कापडाची उरेब पट्टी लावा. गळा कापल्यावर जे तुकडे निघतात त्यात होईल.

काठपदर

मोरपंखीचा गोट मोरपंखीवर दिसणारच नाही मग लावायचा कशाला? गळ्याला रंगाची रेघ हवीच, तेव्हाच बाहीचा काठ आणि गळा एका ब्लाउजचे वाटतात. काठाचे दोन तुकडे उरतात ना, प्रत्येकी साडेतीन-चार इंचाचे. त्यातला राणी रंगाचा साधा भाग दुकानात घेऊन जा आणि उजेडात शेजारी धरून साटिन निवड.

सुईत_ओवलेला

किंवा जुन्या सोनेरी जरीच्या रंगाचा टिश्यू. राणीही नको, मोरपंखीही नको. गोट मात्र एक अष्टमांश इंचाच्या वर नको, पानाच्या टोकाला जाड गोट वळत नाही.

एक राहिलं. पदराची पिन नाडीच्या टोकाजवळ लावू नका, खांद्याच्या पट्टीच्या मधोमध, अस्तरासकट दोन्ही थरांतून लावा. म्हणून टेलरला सांगा की खांद्याच्या शिवणीखाली अस्तर सुटं ठेवायचं नाही, शिवणीत धरायचं.

चटपटीत_चिंगी

मागे हूक म्हणजे स्वतःचे स्वतः लावता येणार नाहीत, तेवढं लक्षात असू दे. माझं मत पुढून उघडा. पानगळ्याच्या टोकाखाली हूकपट्टी छान लपते.

सुईत_ओवलेला

पुढे उघडा केला तर पाठीच्या मध्यावर काठाचा जोड येईल. मुनियांच्या मधली मोकळी जागा बरोबर जोडावर आणली तर तो फारसा कळत नाही, पण तेवढं नेटकं करणारा हात हवा. टेलरला आधी विचारा, त्याला जमेल म्हणाला तर पुढून घ्या.

निळीजांभळी

उद्या विचारते. काठाचे तुकडे आधी कागदाचे कापून माप ब्लाउजच्या पाठीवर पिन करून नेते, म्हणजे त्याला जोड कुठे येतो ते दाखवता येईल. गोटाचं राणी की टिश्यू ते दुकानात उजेडात बघूनच.